दहा सेंटिमीटरचे सात भाग

दहा सेंटिमीटर लांबीचा रेषाखंड काढा आणि त्याचे सात समान भाग करा, असं सांगितलं की बहुतेक मुलं आधी भागाकाराकडे वळतात. दहा भागिले सात म्हणजे १.४२८५७१…, आणि पुढे तेच सहा अंक पुन्हा पुन्हा. पट्टीवर मिलिमीटरच्या खुणा असतात, त्याखाली काही नसतं. म्हणून कोणी १.४ धरतं, पट्टी लावून एकेक खूण करत जातं आणि सातवी खूण ९.८ वर येते. दोन मिलिमीटर उरतात. ते शेवटच्या भागात ढकलले की तो भाग १.६ सेंटिमीटरचा होतो आणि बाकीच्या सहांपेक्षा मोठा आहे हे नुसत्या डोळ्यांना दिसतं. १.५ धरलं तर उलटी पंचाईत होते, कारण सहा भाग नऊ सेंटिमीटर खाऊन टाकतात आणि सातव्याच्या वाट्याला एकच सेंटिमीटर येतो.

थोडी जाणती मुलं कर्कटक घेतात. दोन टोकांत अंदाजे अंतर धरायचं, रेषाखंडावर सात पावलं टाकायची, शेवटी किती कमी किंवा जास्त पडलं ते बघायचं, त्या फरकाचा सातवा हिस्सा अंदाजाने उघडझाप करून पुन्हा चालायचं. तीन-चार फेऱ्यांत उत्तर बऱ्यापैकी जुळतं आणि नकाशे काढणाऱ्यांनी ही युक्ती भरपूर वापरली आहे. पण यात ‘फरकाचा सातवा हिस्सा’ हा मूळचाच प्रश्न लहान होऊन परत येतो. शिवाय कागदाला भोकं पडतात ती वेगळीच.

पुढच्या पानांत ज्या रचनेचा विस्तार आहे ती या सगळ्याला बगल देते. तिच्यात भागाकार नाही, अंदाज नाही, आणि दिलेली लांबी किती आहे हे माहीत असण्याचीसुद्धा गरज नाही. एक तिरपा किरण, कंपासचं एक ठरावीक अंतर आणि काही समांतर रेषा एवढ्यावर काम भागतं. दहावीच्या पुस्तकात ती चार ओळींत उरकते आणि मुलं तिच्या पायऱ्या पाठ करतात. तिचं खरं मर्म मात्र ‘ती का चालते’ या प्रश्नात आहे, आणि ते समजून घ्यायला दहावीपर्यंत थांबावं लागत नाही.

आधी एक भेद स्पष्ट करायला हवा. दोन समान भाग करणं ही अगदी निराळी गोष्ट आहे. रेषाखंडाच्या दोन्ही टोकांवर कंपास ठेवून सारख्याच त्रिज्येचे चाप काढले, ते जिथे छेदतात ते दोन बिंदू जोडले, की लंबदुभाजक मिळतो आणि मध्यबिंदू हाती येतो. इथे सगळं काम सममितीने होतं, कारण डावं टोक आणि उजवं टोक यांना एकसारखीच वागणूक मिळते. अर्ध्याचं पुन्हा अर्धं करत गेलं की चार, आठ, सोळा भाग मिळतात. पण तीन? रेषाखंडाच्या एक तृतीयांशावरचा बिंदू एका टोकाला जवळ आणि दुसऱ्याला लांब असतो, त्यामुळे दोन टोकांमधली सममिती त्याला शोधून देत नाही. दोरी दुमडून अर्धी करता येते. तीन पदरी दुमडताना मात्र सगळेच हाताने सरकवून सरकवून जुळवतात.

म्हणजे अडचण नेमकी कशात आहे? रेषाखंडाची दोन्ही टोकं आधीच ठरलेली आहेत, यात. एका मोकळ्या किरणावर सात समान भाग पाडायला कुणालाही अर्धं मिनिट पुरेल. कंपास हवा तेवढा उघडावा आणि एकापुढे एक सात चाप मारावेत. सातवा चाप कुठे पडायला हवा असं काही बंधन नसल्यामुळे चूक होण्याचा संभवच नाही. भागापासून सुरुवात करून टोकापर्यंत जाणं सोपं आहे. टोक आधी देऊन भाग शोधायला सांगितलं की घोडं अडतं. ही रचना सोपं काम मोकळ्या किरणावर करून घेते आणि मग तिथली समानता दिलेल्या रेषाखंडावर उतरवते. उतरवण्याचं काम समांतर रेषांचं.

आता प्रत्यक्ष रचना. अब हा दहा सेंटिमीटरचा रेषाखंड आडवा काढला. अ पासून वरच्या बाजूला, साधारण ४० अंशांचा कोन होईल असा एक किरण ओढला. कोन मोजायची गरज नाही. कंपासमध्ये दीड सेंटिमीटर अंतर घेतलं आणि अ पासून निघून किरणावर सात चाप मारले. त्या बिंदूंना सरळ १, २, ३ … ७ अशी नावं दिली. सातवा बिंदू अ पासून साडेदहा सेंटिमीटरवर आहे. मग ७ आणि ब हे बिंदू जोडले. शेवटी ६, ५, ४, ३, २ आणि १ मधून ७ब या रेषेला समांतर रेषा काढल्या. त्या अब ला ज्या सहा ठिकाणी छेदतात ते अब चे सात समान भाग पाडणारे बिंदू. अ कडून मोजत त्यांना त१, त२ … त६ म्हणू.

समांतर रेषा काढण्याची शुद्ध रीत म्हणजे प्रत्येक बिंदूपाशी संगत कोन कंपासने उतरवणं. सहा वेळा ते करायचं म्हणजे चापांचं जंजाळ होतं. चित्रकलेच्या टेबलावर कुणी तसं करत नाही. गुण्याची एक कड ७ब वर नेमकी बसवायची, गुण्याच्या दुसऱ्या कडेला पट्टी टेकवायची, डाव्या हाताच्या बोटांनी पट्टी घट्ट दाबून धरायची आणि गुण्या पट्टीवरून सरकवत ६ वर आणायचा, रेघ मारायची, मग ५ वर. गुण्याचा कोन बदलत नाही आणि पट्टी हलत नाही, म्हणून प्रत्येक रेघ पट्टीशी तोच कोन करते आणि सगळ्या रेघा समांतर होतात. इथे खरा धोका पट्टीचा आहे. ती मध्येच केसभर फिरली तर त्यानंतरच्या सगळ्या रेघा वेगळ्या दिशेच्या होतात, आणि आधीच्या रेघांशी त्यांचा तिरकेपणा इतका थोडा असतो की बघणाऱ्याला सहसा दिसत नाही.

आता मुख्य प्रश्न. किरणावरचे भाग समान आहेत हे कबूल, ते कंपासनेच तसे केले आहेत. पण त्यामुळे खालचे भाग समान का व्हावेत? खालचे भाग काही दीड सेंटिमीटरचे नाहीत. ते वेगळ्याच लांबीचे आहेत. मग वरची समानता खाली कशी पोचली?

यासाठी एकच जादा रेघ लागते. बिंदू १ मधून अब ला समांतर अशी आडवी रेघ काढा. ती २ मधून खाली येणाऱ्या रेषेला जिथे भेटते त्या बिंदूला म म्हणू. आता दोन छोट्या त्रिकोणांकडे बघा. पहिला अ, १, त१ यांचा. दुसरा १, २, म यांचा. पहिल्याची तिरपी बाजू अ ते १ आणि दुसऱ्याची तिरपी बाजू १ ते २ या सारख्या आहेत, कारण कंपास उघडलेला तेवढाच होता. पहिल्यात अ पाशी जो कोन आहे तोच दुसऱ्यात १ पाशी आहे. कारण १म ही अब ला समांतर आहे, किरण ही त्या दोघींची छेदिका आहे आणि हे संगत कोन आहेत. तसंच पहिल्यातला १ पाशी असलेला कोन आणि दुसऱ्यातला २ पाशी असलेला कोन सारखे, कारण खाली उतरणाऱ्या रेषा एकमेकींना समांतर आहेत. दोन कोन आणि त्यांच्यामधली बाजू जुळली, म्हणजे को-बा-को कसोटीने त्रिकोण एकरूप. म्हणून अ ते त१ ही लांबी १ ते म एवढी.

पण १म ही रेघ अजून वरच हवेत आहे. ती खाली आणायला हवी. १, म, त२, त१ हा चौकोन पाहिला तर त्याच्या वरच्या-खालच्या बाजू समांतर आहेत आणि उतरत्या बाजूही समांतर आहेत. तो समांतरभुज चौकोन आहे, आणि त्याच्या संमुख बाजू समान असतात. म्हणून १म आणि त१त२ समान. झालं. अत१ बरोबर १म बरोबर त१त२. हाच युक्तिवाद बिंदू २ पासून, ३ पासून असा पुढे चालवला की सातही भाग समान ठरतात. आकृतीत हे सात त्रिकोण एकाच मापाचे, जिन्याच्या पायऱ्यांसारखे किरणाखाली लागलेले दिसतात, आणि प्रत्येकाची आडवी बाजू समांतर रेषांच्या मधून सरळ खाली सरकून अब वर बसते.

या सिद्धतेत दोन गोष्टी कुठेच आल्या नाहीत हे लक्षात घ्यावं. किरण किती अंशांत काढला हे आलं नाही, आणि कंपासमध्ये किती अंतर होतं हेही आलं नाही. ४० ऐवजी ७० अंश, दीड ऐवजी दोन सेंटिमीटर, काहीही चाललं असतं. त१ तिथेच पडला असता. मुलांना हे सांगून पटत नाही. एकाच रेषाखंडावर दोन वेगवेगळे किरण काढून दाखवले आणि दोन्हीकडून येणाऱ्या रेषा त्याच सहा बिंदूंवर येऊन मिळाल्या की पटतं.

ही रचना युक्लिडच्या ‘मूलतत्त्वे’ या ग्रंथात सहाव्या खंडातलं नववं विधान म्हणून येते. ग्रंथ इसवी सनापूर्वी ३०० च्या आसपासचा. युक्लिड तिथे फक्त तिसरा हिस्सा कापून दाखवतो. तिरप्या रेषेवर कुठेही एक बिंदू घ्या, तेवढंच अंतर आणखी दोनदा घ्या, शेवटचा बिंदू दिलेल्या रेषाखंडाच्या टोकाशी जोडा आणि पहिल्या बिंदूतून त्याला समांतर काढा. बाकी भागांसाठी वाचकाने तसंच करावं अशी त्याची अपेक्षा. लगेच पुढच्या दहाव्या विधानात तो याहून मोठी गोष्ट करतो: एक रेषाखंड कसाही, असमान तुकड्यांत तोडलेला असला तरी दुसरा रेषाखंड त्याच प्रमाणात तोडता येतो. आकृती जवळजवळ तीच आहे.

नवव्या विधानाचा आधार म्हणून युक्लिड त्याच खंडातलं दुसरं विधान घेतो. मराठी शाळांतून ते ‘प्रमाणाचे मूलभूत प्रमेय’ या नावाने शिकवलं जातं: त्रिकोणाच्या एका बाजूला समांतर रेषा उरलेल्या दोन बाजूंना एकाच प्रमाणात विभागते. त्याची सिद्धता क्षेत्रफळावर उभी आहे आणि ती खरोखर देखणी आहे. त्रिकोणाच्या पायाला समांतर रेषा काढली आणि तिची टोकं समोरच्या पायाच्या टोकांशी आडवीतिडवी जोडली, की समांतर पट्ट्यात दोन त्रिकोण तयार होतात. दोघांचा पाया ती समांतर रेषाच आणि दोघांची उंची पट्ट्याच्या रुंदीएवढी. म्हणून त्यांची क्षेत्रफळं समान. आता वरच्या छोट्या त्रिकोणाशी एकेकाची तुलना केली तर डावीकडे बाजूच्या दोन तुकड्यांचं प्रमाण मिळतं आणि उजवीकडेही तसंच मिळतं. मधली क्षेत्रफळं समान, म्हणून दोन्ही प्रमाणंही समान.

मग समान भागांसाठी एवढी मोठी तोफ हवी का? नको. वर दिलेली सिद्धता संगत कोन, एकरूपता आणि समांतरभुज चौकोन एवढ्यावर संपते, आणि हे तिन्ही युक्लिडच्या पहिल्याच खंडात सिद्ध झालेले आहेत. प्रमाणाचं प्रमेय खऱ्या अर्थाने लागतं ते दहाव्या विधानात, जिथे तुकड्यांचं प्रमाण पूर्ण संख्यांत मांडता येईलच असं नसतं. एक आणि √२ अशा प्रमाणात तोडायचं असेल तर सारख्या पायऱ्यांचा जिना लावता येत नाही, कारण दोन्ही तुकड्यांत पूर्ण संख्येने बसेल अशी पायरीच नसते. पाठ्यपुस्तकं समान भागांची रचनाही समरूपतेच्या प्रकरणाला जोडतात, त्यामुळे ती आहे त्याहून अवघड वाटू लागते. सातवी-आठवीच्या मुलाला ती एकरूप त्रिकोणांतून सहज देता येईल.

युक्लिडचा हा ग्रंथ संस्कृतात आला तो जयपूरच्या सवाई जयसिंहाच्या आश्रयाला असलेल्या जगन्नाथ सम्राटामुळे. १८ व्या शतकाच्या पूर्वार्धात त्याने अरबी आवृत्तीवरून ‘रेखागणित’ रचलं, आणि १९०१-०२ च्या सुमारास ते मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेतून दोन भागांत छापून निघालं. त्यातही ही रचना सहाव्या अध्यायातच येते.

आता कागदावर काय बिघडतं ते पाहू. ‘कोणताही कोन, कोणतंही अंतर’ हे सिद्धतेत खरं आहे. पेन्सिलीच्या जगात ते अर्धसत्य आहे. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते. समजा खाली येणारी रेघ अर्धा मिलिमीटर बाजूला पडली. ती अब ला जवळपास काटकोनात छेदत असेल तर छेदनबिंदूही अर्ध्या मिलिमीटरनेच सरकतो. पण ती अगदी चपटी, निजल्यासारखी छेदत असेल तर तोच अर्धा मिलिमीटर ताणला जातो. वरच्या उदाहरणात दीड सेंटिमीटरची पावलं घेतल्यामुळे ७ब ही रेषा ब पाशी सुमारे ७४ अंशांचा कोन करते, छेद स्वच्छ मिळतो. त्याच किरणावर कुणी तीन-तीन मिलिमीटरची पावलं घेतली तर सातवा बिंदू अ पासून फक्त २.१ सेंटिमीटरवर येतो आणि ७ब ही रेषा ब पाशी जेमतेम ९ अंश करते. तिथे अर्ध्या मिलिमीटरची चूक तीन मिलिमीटरच्या वर जाते. एक भाग जिथे चौदा मिलिमीटरचा, तिथे तीन मिलिमीटरची चूक म्हणजे रचना फुकट गेली. म्हणून सवयीचा माणूस किरणावरची एकूण लांबी दिलेल्या रेषाखंडाच्या जवळपास येईल असं पाऊल निवडतो आणि कोन ३० ते ५० अंशांच्या दरम्यान ठेवतो. विशालकोन घेतला तरी सिद्धता बिघडत नाही, फक्त रेषा पुन्हा निजायला लागतात.

दुसरी चूक मोजणीची. अ लाच पहिला बिंदू धरून ‘सात’ पर्यंत मोजलं की प्रत्यक्षात सहाच पावलं पडतात. मग सहावं पाऊल ब शी जोडलं जातं आणि रेषाखंडाचे सुबक, समान असे सहा भाग होतात. आकृती इतकी नीट दिसते की चूक कळत नाही. सात भागांना आत सहा बिंदू लागतात, एवढी एक गोष्ट शेवटी मोजून पाहिली तरी पुरतं.

आणि एकूण काम बरोबर झालं की नाही हे कसं ओळखायचं? इथे मघाचं कर्कटक कामाला येतं. अ ते त१ एवढं अंतर त्यात पकडायचं आणि अ पासून सात पावलं टाकायची. पहिल्या भागात दशांश मिलिमीटरची चूक असेल तर ती डोळ्याला दिसणार नाही, पण सातव्या पावलाला ती सात दशांश होते आणि कर्कटकाचं टोक ब च्या अलीकडे किंवा पलीकडे पडलेलं स्पष्ट दिसतं. सुरुवातीला जे साधन अंदाजाने चाचपडत होतं तेच इथे कडक परीक्षक बनतं.

समांतर रेषा काढण्याचा खटाटोप कमी करणारी एक जोडरचनाही आहे. अ कडून वर किरण काढायचा आणि ब कडून तेवढ्याच कोनात खाली. हे दोन किरण आपोआप समांतर होतात, कारण व्युत्क्रम कोन समान आहेत. दोन्हींवर एकाच अंतराची सहा-सहा पावलं टाकायची. मग वरचा पहिला बिंदू खालच्या सहाव्याशी, दुसरा पाचव्याशी असं उलट क्रमाने जोडत जायचं. इथे गुण्या सरकवावा लागत नाही. समान आणि समांतर तुकड्यांची टोकं जोडणाऱ्या रेषा स्वतःच समांतर होतात. पट्टी फिरण्याची भीती यात गेली. मात्र वरचा दुसरा खालच्या दुसऱ्याशी जोडला की सगळंच चुकतं.

ज्यांच्याकडे कंपास नाही त्यांच्याकडे एकरेघी वही असते. तिच्या पानावर समान अंतरावरच्या समांतर रेषा छापूनच आलेल्या आहेत, म्हणजे निम्मं काम छापखान्याने केलेलं आहे. दहा सेंटिमीटरची कागदाची पट्टी घ्यायची, तिच्या कडेचं एक टोक कोणत्याही रेघेवर ठेवायचं आणि पट्टी तिरपी फिरवत दुसरं टोक त्याखालच्या सातव्या रेघेवर आणायचं. मधल्या सहा रेघा कडेला जिथे छेदतात तिथे खुणा केल्या की सात समान भाग तयार. रेघांमध्ये आठ मिलिमीटर अंतर असेल तर सात अंतरं ५६ मिलिमीटरची होतात, आणि दहा सेंटिमीटरची पट्टी त्यात आरामात तिरपी बसते. पट्टी चारच सेंटिमीटरची असेल तर मात्र ती सातव्या रेघेपर्यंत पोचणारच नाही. मग जास्त जवळच्या रेघांची वही शोधावी किंवा कंपासकडे परत जावं.

सुतार हेच उलट्या बाजूने करतो. त्याच्याकडे फळीच्या दोन कडा समांतर आहेत आणि टेपवर खुणा आहेत. समजा फळी २३.७ सेंटिमीटर रुंद आहे आणि तिच्या लांबीच्या दिशेने पाच सारख्या पट्ट्या काढायच्या आहेत. टेप सरळ आडवा धरला तर ४.७४ सेंटिमीटर असा आकडा येतो आणि तो टेपवर सापडत नाही. म्हणून टेपचा शून्य एका कडेवर धरून तो इतका तिरपा करायचा की दुसऱ्या कडेवर बरोबर २५ यावेत. त्यासाठी दुसरं टोक फळीच्या लांबीच्या दिशेने आठ सेंटिमीटरच्या आसपास सरकतं. मग ५, १०, १५ आणि २० वर पेन्सिलीचे ठिपके द्यायचे आणि प्रत्येक ठिपक्यातून कडेला समांतर रेघ ओढायची. टेपवरचे पाच-पाच सेंटिमीटर समान, रेघा समांतर, म्हणून रुंदीचे भागही समान.

रेघा बिनचूक पडल्या तरी पट्ट्या तशा निघतीलच असं नाही, आणि हे भूमितीच्या पुस्तकात सापडत नाही. करवतीच्या पात्याला जाडी असते. ते तीन मिलिमीटर लाकूड खात असेल आणि रेघेच्या मधोमध चाललं तर कडेच्या दोन पट्ट्या दीड-दीड मिलिमीटरने कमी भरतात आणि मधल्या तीन पट्ट्या तीन-तीन मिलिमीटरने. पाचही सारख्या हव्या असतील तर चार कापांचे बारा मिलिमीटर आधीच वजा करून, प्रत्येक पट्टीमागे एका कापाची जागा सोडून आखावं लागतं.

या रचनेची हद्द कुठे संपते हेही पाहण्यासारखं आहे. रेषाखंडाचे तीन भाग होतात, मग कोनाचे का होऊ नयेत, असं मनात येतंच. सुचणारा मार्ग असा: कोनाच्या दोन्ही भुजांवर सारखं अंतर घ्यावं, ते बिंदू जोडावेत, त्या रेषाखंडाचे वरच्या रीतीने तीन समान भाग करावेत आणि ते बिंदू कोनाच्या शिरोबिंदूशी जोडावेत. काटकोनावर हे करून कोनमापक लावला तर मधला कोन ३७ अंशांच्या जरासा आत आणि बाजूचे दोन प्रत्येकी साडेसव्वीसच्या आसपास येतात. मधला भाग शिरोबिंदूला जास्त जवळ आहे, म्हणून तो मोठा दिसतो. काटकोनाचे तीन भाग इतर रीतीने करता येतात, कारण ३० अंश कंपासने काढता येतो. पण ६० अंशांच्या कोनाचे तीन समान भाग पट्टी आणि कंपास यांनी करणं अशक्य आहे, हे फ्रेंच गणिती पिएर वांत्सेल याने १८३७ मध्ये सिद्ध केलं. कोनांच्या बाबतीत समानता वाहून नेणारं, समांतर रेषांसारखं काही नाही.

आणि रेषाखंडाच्या बाबतीतही हे सुख फक्त सपाट कागदावर आहे. सिद्धतेत संगत कोन समान धरले, आणि त्यासाठी युक्लिडला आपलं पाचवं गृहीतक लागलं. पहिल्या खंडात ते तो प्रथम वापरतो तेही याच ठिकाणी, एकोणतिसाव्या विधानात. पृथ्वीगोलावर ‘सरळ’ रेषा म्हणजे विषुववृत्तासारखी मोठी वर्तुळं, आणि अशी कोणतीही दोन वर्तुळं एकमेकांना छेदतातच. तिथे समांतर असं काही उरत नाही. गोलावरच्या अशा चापाचे दोन समान भाग करणं जमतं, कारण लंबदुभाजकाला समांतर रेषा लागतच नव्हत्या. पुढे चार आणि आठही जमतात. पण ६० अंशांच्या चापाचा तिसरा हिस्सा काढायचा म्हणजे गोलाच्या केंद्रापाशी असलेल्या ६० अंशांच्या कोनाचा तिसरा हिस्सा काढणं, आणि तिथे वांत्सेलचा अडसर जसाच्या तसा उभा असतो.